जुन्या यूपीएसचे निर्लेखन: प्रस्ताव कसा उभा राहतो आणि कुठे अडकतो

एखादे यंत्र बंद पडले आणि त्याच्या जागी नवे आले, तरी संस्थेच्या हिशेबात जुने यंत्र चालूच असते. मालमत्ता नोंदवहीत त्याची नोंद असते, ताळेबंदात त्याची किंमत असते आणि वार्षिक प्रत्यक्ष पडताळणीच्या वेळी ते कोणाला तरी दाखवावे लागते. ही नोंद रीतसर काढण्यासाठी निर्लेखनाचा आणि विल्हेवाटीचा प्रस्ताव करावा लागतो. असे प्रस्ताव लेखा विभागाकडून पुन्हा पुन्हा परत येतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. यंत्र आता उपयोगाचे नाही, त्याची आजची किंमत इतकी आहे आणि ते अमुक मार्गाने बाहेर जाईल, हे तीन वेगळे निर्णय आहेत. प्रत्येकाचा पुरावा वेगळा आणि तो घेणारा अधिकारीही अनेकदा वेगळा असतो. पण टिपणीत मात्र हे तिन्ही एकाच वाक्यात उरकलेले असतात.

हे समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, केंद्र शासनाच्या अनुदानावर चालणारी महाराष्ट्रातली एक स्वायत्त प्रशिक्षण संस्था आहे. तिच्या सर्व्हर खोलीत 20 केव्हीएचा एक यूपीएस आहे. तो एप्रिल 2017 मध्ये 6,00,000 रुपयांना घेतला. त्याच्या सोबत आलेल्या बॅटऱ्या एप्रिल 2022 मध्ये बदलून 12 व्होल्ट, 65 अँपिअर-तासाच्या 32 नव्या सीलबंद बॅटऱ्या 2,00,000 रुपयांना बसवल्या. आता मार्च 2025 अखेर यूपीएसचा इन्व्हर्टर विभाग जळालेला आहे, बॅटऱ्या फुगल्या आहेत आणि सर्व्हर नव्या यूपीएसवर गेले आहेत. अशा संस्थेचे स्वतःचे वेगळे वित्तीय नियम नसतील, तर तिला केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 लागू होतात, आणि त्यातले 217 ते 223 हे नियम याच विषयाचे आहेत. राज्य शासनाच्या कार्यालयांना, विद्यापीठांना किंवा खासगी कंपन्यांना त्यांचे स्वतःचे नियम आणि अधिकारमर्यादा असतात, तरी प्रस्तावाची घडण सगळीकडे साधारण अशीच राहते.

स्थिती अहवाल

नियमांत वस्तू तीन कारणांनी काढता येते: ती गरजेपेक्षा जास्त आहे, ती कालबाह्य झाली आहे किंवा ती निरुपयोगी झाली आहे. प्रस्तावात बऱ्याचदा ही तिन्ही विशेषणे एकत्र लिहिलेली दिसतात, आणि इथेच पहिली गफलत होते. गरजेपेक्षा जास्त असलेली वस्तू चांगली चालत असू शकते. ती आधी संस्थेच्या दुसऱ्या विभागाला किंवा दुसऱ्या प्रशिक्षण केंद्राला विचारून द्यायला हवी, लगेच विकायला नको. कालबाह्य वस्तू चालत असेल, पण तिचे सुटे भाग किंवा सेवा मिळत नाही. निरुपयोगी वस्तू चालतच नाही, किंवा ती दुरुस्त करणे परवडत नाही. आपल्या उदाहरणात यूपीएस कालबाह्यही आहे आणि बंदही आहे. बॅटऱ्या मात्र केवळ निरुपयोगी आहेत, कारण तशाच बॅटऱ्या बाजारात आजही सहज मिळतात. म्हणून या दोन्हींच्या नोंदी वेगळ्या, कारणे वेगळी आणि अहवालातली ओळही वेगळी हवी.

‘यंत्र जुने व नादुरुस्त असल्याने वापरण्यायोग्य नाही’ हे वाक्य म्हणजे स्थिती अहवाल नव्हे. त्यात वाचणाऱ्याला पडताळून पाहता येईल असे काहीच नाही. यूपीएसच्या बाबतीत अहवालात असे लिहावे: यूपीएस अमुक तारखेपासून बायपासवर आहे, म्हणजे तो महावितरणचा पुरवठा फक्त पुढे सोडतो, वीज गेल्यास आधार देत नाही, इन्व्हर्टर विभागातील दोन पॉवर मॉड्यूल जळालेली आहेत, डीसी बाजूचे कपॅसिटर फुगलेले आहेत, हे मॉडेल आता बनत नसून त्याच्या मॉड्यूलचा पुरवठा बंद झाल्याचे उत्पादकाच्या सेवा केंद्राचे पत्र अमुक तारखेचे आहे, बाहेरच्या दुरुस्तीकाराने वापरलेली मॉड्यूल बसवून देण्याचे अंदाजपत्रक 2,10,000 रुपयांचे दिले असून त्यावर हमी नाही. या शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. ‘दुरुस्त का करत नाही?’ हा प्रश्न वित्त अधिकारी हमखास विचारतो, आणि त्याचे उत्तर मत नसून कागद असावा लागते.

बॅटऱ्यांची तपासणी वेगळ्या पद्धतीने होते. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीवर पूर्ण चार्ज दिल्यानंतर ठरलेला भार टाकून ती किती वेळ टिकते हे मोजतात, आणि मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांखाली आलेली बॅटरी बदलण्यायोग्य मानणे ही सर्वमान्य रीत आहे. आपल्या संस्थेत नव्या असताना या बॅटऱ्या सर्व्हर खोलीचा भार 30 मिनिटे पेलत होत्या. चाचणीत तो 4 मिनिटे पेलला गेला आणि 32 पैकी 11 बॅटऱ्यांचे कवच फुगलेले आढळले. प्रत्येक बॅटरीचा अनुक्रमांक, व्होल्टेज आणि छायाचित्र जोडलेले असावे. अनुक्रमांकांच्या यादीला अनेक जण केवळ कागदी सोपस्कार समजतात, पण पुढे विकलेल्या सामानाची उचल होताना हीच यादी कामाला येते, कारण बॅटऱ्यांच्या ढिगात चांगली बॅटरी काढून तिथे दुसरीकडची मेलेली ठेवण्याचे प्रकार घडतात आणि यादीशिवाय ते सिद्ध करता येत नाहीत.

आता या अहवालातला सर्वांत नाजूक प्रश्न. यूपीएसचे आयुष्य संस्थेच्या धोरणात दहा वर्षांचे धरलेले आहे आणि तो आठ वर्षांत बंद पडला. हे सहज समजावून सांगता येते. पण बॅटऱ्यांचे आयुष्य पाच वर्षांचे धरलेले असताना त्या तीनच वर्षांत का गेल्या? नियम 217 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की एखादी वस्तू कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, लबाडीमुळे किंवा खोडसाळपणामुळे निरुपयोगी झाली असेल, तर जबाबदारी निश्चित केली पाहिजे. म्हणजे धरलेल्या आयुष्याआधी गेलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल अहवालात कारण हवे. अशा बॅटऱ्यांचे आयुष्य 25 अंश सेल्सिअस तापमानासाठी सांगितलेले असते, आणि तापमान सतत आठ ते दहा अंशांनी जास्त राहिले तर आयुष्य साधारण निम्म्यावर येते. संस्थेच्या नोंदवहीत दिसते की बॅटरी खोलीतला वातानुकूलक बराच काळ बंद होता, खोलीत 34 ते 36 अंश तापमान राहत होते आणि वापरकर्त्या विभागाने विद्युत शाखेला दुरुस्तीसाठी दोन पत्रे लिहिली होती.

ही माहिती लपवण्याचा मोह होतो, कारण ती कोणाच्या तरी अंगाशी येईल असे वाटते. माझ्या मते ती लिहिण्यातच सर्वांचे संरक्षण आहे. कारण लिहिलेले असले की सक्षम अधिकारी नोंद घेऊन निर्णय देतो: वातानुकूलकाच्या दुरुस्तीची निविदा प्रक्रियेत होती, एका व्यक्तीचा निष्काळजीपणा दिसत नाही, म्हणून वैयक्तिक जबाबदारी निश्चित करण्याची गरज नाही, किंवा तशी गरज आहे, म्हणून चौकशी करावी. कोणताही निर्णय झाला तरी प्रस्ताव पूर्ण असतो. कारणच न लिहिलेला प्रस्ताव मंजूर झाला, तर काही वर्षांनी लेखापरीक्षक तोच प्रश्न विचारतो, आणि तेव्हा ती नोंदवही सापडेलच याची खात्री नसते.

अहवालाची शेवटची ओळ धोक्याची: वस्तूत घातक असे काय आहे? इथे उत्तर ठरलेले आहे. बॅटऱ्यांत शिसे आणि गंधकाम्ल आहे, यूपीएसमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि कपॅसिटर आहेत, आणि बत्तीस बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या असताना टोकांवर सुमारे 384 व्होल्टचा डीसी दाब असतो, जो कळ बंद करून जात नाही. ही जोडणी जाणकार तंत्रज्ञानेच सोडवावी लागते, म्हणून ही अट अहवालातून थेट विक्रीच्या अटींत गेली पाहिजे. संगणक किंवा सर्व्हर काढायचे असते तर याच जागी हार्ड डिस्कवरील माहिती कोणी, कधी आणि कशी नष्ट केली हे आले असते.

ही ओळ सुटली तर काय होते, याचे भारतातले सर्वांत दुःखद उदाहरण दिल्लीतले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गामासेल 220 नावाचे, कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी स्रोत असलेले उपकरण होते, आणि ते 1985 पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते इतर जुन्या सामानासारखे लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथल्या कामगारांनी ते उघडले. किरणोत्सर्गामुळे अनेक जण आजारी पडले आणि एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला. तिथे लिलाव झाला, बोली आली, सामान उचलले गेले. त्या लोखंडी पिंपाच्या आत काय आहे, हे सांगू शकणाऱ्या माणसाचे म्हणणे मात्र विक्रीआधी कोणी घेतले नव्हते. पंचवीस वर्षे पडून असलेल्या वस्तूबद्दल तर हे विचारणे अधिकच गरजेचे असते, कारण ती घेणारे लोक तोवर निवृत्त झालेले असतात.

पुस्तकी मूल्य

पुस्तकी मूल्य म्हणजे खरेदी किमतीतून आजवरचा घसारा, म्हणजे वापरापोटी दरवर्षी कमी धरलेली किंमत, वजा करून उरलेली रक्कम. ती बाजारातली किंमत नाही आणि भंगाराचीही नाही. संस्थेने वापरातून संपलेला म्हणून अजून हिशेबात न दाखवलेला खर्च एवढाच तिचा अर्थ आहे.

आपल्या उदाहरणात संस्था सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी समान रकमेने घसारा काढते आणि शेवटी 5 टक्के अवशिष्ट मूल्य ठेवते. यूपीएसचे 6,00,000 रुपयांचे 5 टक्के, म्हणजे 30,000 रुपये बाजूला ठेवले की 5,70,000 रुपये दहा वर्षांत वाटायचे, वर्षाला 57,000. एप्रिल 2017 ते मार्च 2025 ही आठ वर्षे धरली तर 4,56,000 रुपये घसारा झाला आणि 1,44,000 रुपये पुस्तकी मूल्य उरले. बॅटऱ्यांचे 2,00,000 रुपयांतून 10,000 बाजूला ठेवून 1,90,000 रुपये पाच वर्षांत वाटायचे, वर्षाला 38,000. तीन वर्षांचा घसारा 1,14,000 आणि उरलेले मूल्य 86,000. दोन्हींचे मिळून 31 मार्च 2025 रोजीचे पुस्तकी मूल्य 2,30,000 रुपये.

ही तारीख लिहिणे अत्यावश्यक आहे. प्रस्ताव मार्चमध्ये निघाला आणि विक्री सप्टेंबरमध्ये झाली, तर मधल्या काळाच्या घसाऱ्याचे काय करायचे हे संस्थेच्या लेखा धोरणावर अवलंबून असते, आणि तारीख नसली की दोन कागदांवर दोन आकडे दिसू लागतात. आकडा वापरकर्त्या विभागाने स्वतः काढू नये; त्याने मागणी करावी आणि लेखा विभागाने नोंदवहीतल्या अनुक्रमांकासह सही करून द्यावा. फार जुन्या वस्तूंची घसाऱ्याची नोंदच सापडत नाही असे होते; तिथे नियमांनी वाट ठेवलेली आहे, पुस्तकी मूल्य काढता येत नसेल तर मूळ खरेदी किंमत वापरावी. ती वापरली तर तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर वाचणाऱ्याला तोटा आहे त्याहून खूप मोठा वाटतो.

इथे एक जागा हमखास चुकते. 2022 मध्ये नव्या बॅटऱ्या घेताना जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याला परतखरेदीत दिल्या होत्या, म्हणजे नव्यांच्या किमतीतून त्यांची रक्कम वळती झाली होती. पण त्या जुन्या बॅटऱ्या 2017 च्या 6,00,000 रुपयांतच धरलेल्या असतील आणि 2022 मध्ये त्यांचा भाग वेगळा काढला नसेल, तर संस्था तीन वर्षे अस्तित्वात नसलेल्या बॅटऱ्यांवर घसारा काढत राहिली असा त्याचा अर्थ होतो. निर्लेखनाचा प्रस्ताव करताना मूळ बिल उघडून पाहणे म्हणूनच फायद्याचे. आपल्या उदाहरणात 2017 च्या बिलात बॅटऱ्यांची किंमत वेगळी होती, त्यांची नोंद स्वतंत्र केली होती आणि 2022 मध्ये ती काढली होती असे धरू, त्यामुळे वरचा 6,00,000 चा आकडा केवळ यूपीएसचा आहे.

पुस्तकी मूल्याच्या शेजारी दुसरा आकडा हवा: आज विकले तर किती येतील. यालाच अंदाजित अवशिष्ट किंमत म्हणतात; घसाऱ्यात बाजूला ठेवलेल्या 5 टक्के अवशिष्ट मूल्याहून ती वेगळी आहे, आणि तिच्यावरून राखीव किंमत ठरते, म्हणजे जिच्याखाली बोली स्वीकारायची नाही ती रक्कम. अशी एक बॅटरी साधारण 22 किलोची धरली तर 32 बॅटऱ्यांचे 704 किलो होतात. शिशाच्या बॅटऱ्यांचे भंगार किलोवर विकले जाते आणि दर शिशाच्या बाजारभावाबरोबर हलतो, म्हणून दोन-तीन पुनर्चक्रणकर्त्यांकडून त्या आठवड्याचे दर लेखी घ्यावेत. उदाहरणापुरता 80 रुपये दर धरू. मग बॅटऱ्यांचे सुमारे 56,000 रुपये होतात. यूपीएसच्या पत्र्याचे, तांब्याचे आणि कार्डांचे 29,000 धरले तर राखीव किंमत 85,000 रुपये. लक्षात घ्या, पुस्तकी मूल्य यूपीएसचे जास्त आहे, पण बाजारात पैसे बॅटऱ्यांचे जास्त येतात. पुस्तकी मूल्यालाच राखीव किंमत करून ठेवणाऱ्या संस्थांच्या लिलावात बोलीच येत नाही, सामान वर्षानुवर्षे व्हरांड्यात पडून राहते आणि दरम्यान त्याची खरी किंमतही घटते.

मार्ग आणि मंजुरीची साखळी

नियम 218 प्रमाणे अंदाजित अवशिष्ट किंमत दोन लाख रुपयांपेक्षा जास्त असेल, तर जाहिरात देऊन निविदा मागवाव्या लागतात किंवा जाहीर लिलाव करावा लागतो. ती त्यापेक्षा कमी असेल, तर सामान साचून जागा अडू नये आणि किंमत घटू नये हे पाहून सक्षम अधिकारी मार्ग ठरवू शकतो. आपले पुस्तकी मूल्य 2,30,000 आहे आणि अवशिष्ट किंमत 85,000. अनेक टिपण्यांत पुस्तकी मूल्य पाहून प्रकरण दोन लाखांच्या वरचे ठरवले जाते आणि लहानशा यूपीएससाठी वर्तमानपत्रातली जाहिरात निघते, जिचा खर्चच विक्रीच्या मोठ्या हिश्शाइतका होतो. इथे मर्यादा अवशिष्ट किमतीवर मोजायची असते. उलट, एकाच खोलीतल्या सामानाचे चार प्रस्ताव करून प्रत्येक दोन लाखांच्या आत बसवणे हे मर्यादा चुकवणेच आहे आणि लेखापरीक्षणात ते लगेच दिसते, कारण चारही फायलींच्या तारखा एकाच महिन्यातल्या असतात.

किंमत कमी असली तरी वस्तू कोणालाही देता येत नाही. बॅटऱ्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022 लागू आहेत आणि यूपीएस ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 च्या यादीत आहे. ज्या संस्थेने एका आर्थिक वर्षात यादीतली किमान 1000 उपकरणे वापरली, ती ई-कचरा नियमांत मोठी ग्राहक ठरते आणि तिने असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रणकर्ता यांनाच द्यायचा असतो. संगणक, मॉनिटर, प्रिंटर, फोन मोजत गेले तर मध्यम संस्थाही हा आकडा गाठते. संस्था लहान असली तरी माझा आग्रह हाच राहील, कारण गल्लीतल्या भंगारवाल्याकडे बॅटरी फोडून शिसे वितळवले जाते तेव्हा आम्ल गटारात जाते आणि धूर शेजारच्या वस्तीत. म्हणून बोलीत भाग घेण्याची पहिली अट वैध नोंदणी ही ठेवावी आणि यूपीएस व बॅटऱ्या हे दोन वेगळे गट करावेत, कारण दोन्हींच्या नोंदणीचे धारक वेगळे असू शकतात. विक्रीवर कोणता कर लागेल हेही बोली मागवण्याआधी लेखा विभागाकडून लिहून घ्यावे, नाहीतर बोलीची रक्कम करासह की कराशिवाय यावरून वाद होतो.

मंजुरीचा क्रम असा जातो. वापरकर्ता विभाग गरज संपल्याचे लिहितो आणि इतर विभागांना विचारल्याची नोंद जोडतो. भांडार शाखा वस्तू नोंदवहीशी जुळवून पाहते. मग सक्षम अधिकाऱ्याने नेमलेली समिती वस्तू प्रत्यक्ष पाहते. तिच्यात एक तांत्रिक जाणकार, एक लेखा विभागाचा आणि एक वापरकर्त्या विभागाबाहेरचा सदस्य असावा. हा बाहेरचा सदस्य नेमताना अनेकदा टाळाटाळ होते, पण समितीच्या अहवालाचे वजन त्याच्यावरच टिकते, कारण ज्याला नवे यंत्र हवे आहे त्यानेच जुने निरुपयोगी ठरवले असे म्हणायला जागा राहत नाही. समितीच्या अहवालासोबत याच सर्वसाधारण वित्तीय नियमांतला जीएफआर 10 हा नमुना भरला जातो, ज्यात वस्तूचा तपशील, संख्या, पुस्तकी मूल्य किंवा खरेदी किंमत, स्थिती, खरेदीचे वर्ष आणि विल्हेवाटीचा मार्ग एका ओळीत येतो. त्यावर वित्त अधिकाऱ्याचे मत आणि शेवटी सक्षम अधिकाऱ्याचा आदेश.

सक्षम अधिकारी कोण, या प्रश्नाला एकच उत्तर नसते, आणि साखळी इथेच सर्वांत जास्त तुटते. वस्तू कालबाह्य ठरवण्याची कारणे तिची खरेदी करण्यास सक्षम असलेल्या अधिकाऱ्याने नोंदवायची असतात. तोटा निर्लेखित करण्याचा अधिकार मात्र वेगळ्या तक्त्यात असतो आणि तो तोट्याच्या रकमेवर चालतो. समजा आपल्या संस्थेत कुलसचिवांना 50,000 रुपयांपर्यंतचा, संचालकांना 2,00,000 रुपयांपर्यंतचा आणि त्यापुढे वित्त समितीला अधिकार आहे. पुस्तकी मूल्य 2,30,000 वजा राखीव किंमत 85,000, म्हणजे जास्तीत जास्त 1,45,000 रुपयांचा तोटा. तो संचालकांच्या अधिकारात बसतो. पण राखीव किमतीला बोलीच आली नाही आणि पुढे नियम 221 प्रमाणे मोडीच्या भावाने द्यावे लागले, तर विक्री 30,000 पेक्षा कमी झाल्यास तोटा 2,00,000 च्या वर जाईल आणि प्रकरण वित्त समितीकडे न्यावे लागेल. म्हणून आदेशात दोन वाक्ये वेगळी हवीत: एक, वस्तू कालबाह्य आणि निरुपयोगी ठरवून अमुक मार्गाने, अमुक राखीव किमतीला विकण्यास मंजुरी, दोन, होणारा तोटा 1,45,000 रुपयांच्या मर्यादेत निर्लेखित करण्यास मंजुरी, त्याहून जास्त झाल्यास पुन्हा सादर करावे. दुसरे वाक्य नसेल तर सामान विकले जाते, पैसे जमा होतात, आणि ताळेबंदातली नोंद मात्र मंजुरीअभावी तशीच राहते.

बोली मागवल्यावर यूपीएसला 31,000 आणि बॅटऱ्यांना 61,000 रुपये मिळाले असे धरू, एकूण 92,000. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय उचल होऊ देऊ नये. विक्री पाहणाऱ्या अधिकाऱ्याने उचलीच्या वेळी उभे राहून अनुक्रमांक यादीशी जुळवायचे, बॅटऱ्या किलोवर विकल्या असतील तर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन संस्थेने निवडलेल्या काट्यावर करायचे, आणि जीएफआर 11 या विक्री हिशेबाच्या नमुन्यावर सही करायची. 704 किलोच्या अंदाजासमोर काट्यावर 600 किलो भरले, तर गाडी तिथेच थांबवून बॅटऱ्या पुन्हा मोजाव्या लागतात. गेट पास फाटल्यानंतर हा प्रश्न सुटत नाही. पुनर्चक्रणकर्त्याकडून बॅटऱ्या आणि ई-कचरा मिळाल्याचा कागद आला की तो त्याच फायलीत लागतो.

लेखा विभाग मग यूपीएसची 6,00,000 ची आणि बॅटऱ्यांची 2,00,000 ची मूळ किंमत मालमत्तेतून काढतो, त्यांच्यासमोरचा 4,56,000 आणि 1,14,000 चा घसाराही काढतो, 92,000 रुपये बँकेत दाखवतो आणि उरलेले 1,38,000 रुपये निर्लेखनातील तोटा म्हणून खर्चात टाकतो. त्यातले 1,13,000 यूपीएसचे आणि 25,000 बॅटऱ्यांचे. मालमत्ता नोंदवहीतल्या दोन्ही नोंदींसमोर आदेशाचा क्रमांक, विक्रीची तारीख आणि रक्कम लिहून सही होते. विमा आणि वार्षिक देखभाल करार यांच्या याद्यांतूनही त्याच दिवशी यूपीएसचे नाव काढायला सांगावे, कारण हप्ते आणि देखभालीची बिले नोंदवही पाहून निघत नाहीत, मागच्या वर्षीच्या यादीवरून निघतात.